आमची वाटचाल: शेडमधून शोरूममध्ये, आणि एका आमंत्रणाचे तीन मजकूर

वडिलांनी ओगलेवाडीच्या शेडमध्ये सुरू केलेल्या सुतारकामाचं शोरूम २०२५ च्या दसऱ्याला कराड-विटा रस्त्यावर उघडलं. तोवर गिऱ्हाईक शेडवरच यायचं, भुशात उभं राहून लाकूड बघायचं. आमंत्रण लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

पुतण्याने 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असा झगमगीत फोटो करून दिला. लग्नपत्रिकाच ती! बघायला काय मिळणार, याचा त्यात पत्ता नव्हता.

दसऱ्याला ज्याच्या त्याच्या घरी पूजा, म्हणून त्या दिवशी आम्ही घरचे आणि कारागीर एवढेच. गिऱ्हाइकांना रविवारी बोलावलं. मजकूर असा:

"नमस्कार दादा. तुमचा दिवाण ज्या मिस्त्रींनी केला ते रविवारी, ५ ऑक्टोबरला, सकाळी १० ते १ नव्या शोरूममध्ये आहेत. एक कपाट मधोमध कापून उभं केलंय, आतला प्लाय, पट्ट्या, बिजागरीचे स्क्रू सगळं दिसतं. खोलीची मापं असतील तर आणा. वहिनींनाही घेऊन या."

दिवाणाच्या जागी ज्याचं जे काम असेल ते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली नाही. ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे आमचा नंबर असतो तो बिलावर. म्हणून एकेकाला पाठवला, वयस्करांना फोन केला.

इंटिरियरवाले आणि ठेकेदार यांना दुपारी ३ नंतरची वेळ दिली. त्यांच्याशी दराचं बोलणं होतं, ते घरगुती गिऱ्हाइकासमोर नको.

पत्रकारांचं गणित निराळं. 'शोरूमचा शुभारंभ' ही त्यांच्या लेखी जाहिरात. बातमी होती ती कापलेल्या कपाटाची. म्हणून पहिल्याच वाक्यात लिहिलं की ग्राहकाला फर्निचरच्या आतला माल दिसावा म्हणून कपाट कापून ठेवलं आहे. पत्ता-वेळ दुसऱ्या वाक्यात, वडिलांची माहिती शेवटी, कारण जागा कमी पडली की कात्री खालूनच लागते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिला. फोटोतला मजकूर पुन्हा टाइप करायला कुणाला वेळ आहे? छायाचित्रं डॉक्युमेंट म्हणून पाठवली, नाहीतर व्हॉट्सॲप ती दाबून बारीक करतं. त्यांना शनिवारी संध्याकाळीच बोलावलं, गर्दी नसताना नीट फोटो मिळावा म्हणून.

एका दैनिकाने कपाटाच्या फोटोसह बातमी घेतली. दुसऱ्याने आधी जाहिरातीचं विचारलं. ती दिली नाही, तरी दोन ओळी आल्या. तक्रार नाही, त्यांचाही धंदाच आहे.

रविवारी सगळ्यात जास्त विचारणा झाली ती प्लायच्या कडेवरच्या 'आयएस ७१०' या शिक्क्याची. हा मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मालाचा क्रमांक. साध्या प्लायवर ३०३ असतो. बेडरूमच्या कपाटाला ३०३ पुरतो, सिंकखाली ७१० च घ्यावा. आता कपाटाशेजारी दोन्ही तुकडे ठेवलेत.