कोरं बिल निघणारा प्रिंटर

जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी केंद्रातून फोन आला. "भाऊ, हेड गेलं काय हो? बिल कोरंच येऊन राहिलं." कोरं बिल म्हटलं की लोक आधी हेडवर, म्हणजे कागद तापवून छापणाऱ्या पट्टीवर जातात. मी म्हटलं, कागदावर नखानं ओरखडा काढा. एका बाजूला काळी रेघ उमटली, दुसऱ्या बाजूला नाही. थर्मल कागदाला लेप एकाच बाजूला असतो आणि ती बाजू हेडला लागायला हवी. या प्रिंटरमध्ये रोलचं टोक खालून यायला हवं होतं, ते वरून घातलं होतं. रोल फिरवून बसवल्यावर छपाई आली, पण फिकी.

म्हणून जावं लागलं. फिक्कं कुठं आहे ते आधी पाहायचं. सगळीकडे सारखं फिक्कं असलं तर हेडवरचा मळ, हलका कागद किंवा सेटिंगमध्ये कमी ठेवलेली डेन्सिटी, म्हणजे छपाईचा गडदपणा. उभी पांढरी रेघ असली तर तेवढ्याच ठिकाणी मळ किंवा हेडचा ठिपका मेलेला. इथं डावीकडे फिक्कं आणि उजवीकडे गडद होतं. प्रिंटर बंद करून फीडचं बटन दाबून चालू केला. सेल्फ टेस्टची चिठ्ठीही तशीच निघाली, म्हणजे बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. हेड थंड करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, वाळू दिलं. फरक नाही. (दुकानात सॅनिटायझर लावून झालं होतं. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते हेडवर नको.)

मग झाकणाकडं पाहिलं. डावीकडची खिट्टी वाकलेली होती, म्हणून त्या बाजूला रबरी रोलर कागद हेडवर दाबतच नव्हता. विचारल्यावर पोरगा हळूच म्हणाला, "लाइन गेली होती, झाकण उघडेना, मग पेचकस घातला."

असं झालं होतं: कागद कापता कापता वीज गेली आणि पातं बाहेरच राहिलं. पातं बाहेर असलं की झाकण अडकतं. वीज आल्यावर बरेचदा पातं आपोआप मागं जातं. इथं कागदाचा तुकडा अडकला होता, म्हणून लाल दिवा लुकलुकत राहिला. अशा वेळी प्लग काढून समोरचं छोटं कव्हर सरकवायचं. आत दातेरी चाक असतं. पातं आत जाईपर्यंत ते बोटानं फिरवायचं. झाकण मग हातानं उघडतं. चाकाला पेचकस लावायचा नाही, आणि झाकणाला तर नाहीच.

खिट्टी सरळ करून छपाई दोन्हीकडे सारखी आली. तुकडा मात्र का अडकला ते अजून ठरत नाही. पात्याच्या फटीत कागदाचा भुसा साचला होता, पण रोलच्या शेवटचा डिंक लागलेला कागदही तिथंच सापडला. वीज गेली नसती तरी एखाद्या दिवशी अडकलाच असता, असं वाटतं.

मालकाला सांगितलं, प्रिंटरला छोटा यूपीएस लावा आणि रोलवर लाल पट्टा दिसला की लगेच बदला. पट्टा संपेपर्यंत ते चालवतात, हे माहीत आहे.