तुम्ही विचारलंत म्हणून: एक किलोचे दोन हजार

“घरीच तर करता ना? मग एक किलोच्या केकचे दोन हजार कसे?”

आधी कबूल करते, पूर्वी मीही किलोवरच भाव लावायचे. फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याने मढवलेला केक ९०० रुपये किलो, थीम असेल तर किलोमागे वर ३००. कार्डच छापून घेतलं होतं.

त्या कार्डावर जुलैत एक ऑर्डर आली. पहिला वाढदिवस, एक किलो चॉकलेट, वर जंगलातले सात प्राणी. मी हौसेने १,२०० सांगितले. प्राणी फाँडंटचे. त्यात सीएमसी पावडर मळली की ते वाळून कडक होतात, एरवी दोन दिवसांत. पुण्याच्या पावसात मात्र साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि फाँडंट चिकटच राहतं. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नाही. बाहेर काढलं की दंव धरतं आणि रंग ओघळतो. टेबलफॅन लावून बसले होते. दुसऱ्या रात्री जिराफाची मान वाकली, मग तुटली. आत टूथपिक घालून भागलं असतं, पण केक वर्षाच्या बाळाचा, पाहुण्यांत आणखी चिल्लीपिल्ली. म्हणून कच्च्या स्पॅगेटीची काडी घालून जिराफ पहिल्यापासून केला. दीड तास गेला.

केक छान झाला. चार दिवसांनी त्या ताईंचा फोन आला, “प्राणी मुलांनी काढून ठेवलेत हो, खायचं कुणाला सुचलंच नाही! आता दिराच्या मुलाला अगदी तसाच करा, पण अर्धा किलोच. म्हणजे सहाशेत होईल ना?”

मला इतका राग आला की नीट बोलता येईना. फोन ठेवून कार्ड पाहिलं. त्यांचा हिशेब बरोबर होता. चुकलं होतं ते माझं कार्ड. अर्ध्या किलोच्या केकवर काय साडेतीन प्राणी बसवायचे?

त्या रात्री पहिल्यांदा वही काढली. स्पंजचं सामान ११० रुपये. गनाशच्या चॉकलेटी लेपाचं कंपाउंड चॉकलेट आणि क्रीम १७०. पाऊण किलो फाँडंट २२५. रंग, सीएमसी वगैरे ४०. जाड बोर्ड, प्राण्यांची डोकी आत मावतील असा उंच बॉक्स आणि रिबन मिळून २००. वीज १५. एकूण ७६०. म्हणजे हातात राहिले ४४०. तास मोजले तर प्राण्यांना सहा (त्यात जिराफ दोनदा), भाजणं-थर लावणं-गनाश दोन, फाँडंट चढवणं आणि बोर्ड सजवणं दीड, नावाची अक्षरं अर्धा, बाजारहाट आणि भांडी एक. अकरा तास. ताशी ४० रुपये.

आता ताशी १५० धरते. ते कुठून आले म्हणाल, तर शंभर मागताना वाईट वाटत होतं आणि दोनशे मागायची हिंमत होत नव्हती. याहून शास्त्रीय उत्तर माझ्याकडे नाही. अकरा तासही लावत नाही. जिराफ तुटला तो माझ्या हातून, त्याचं बिल गिऱ्हाईकाला का? शिवाय हात बसलाय, तेच काम आता सात तासांत होतं. त्याचे १,०५०, सामानाचे ७६० आणि बिघडलेला माल, झिजलेली मोल्ड्स, नोझल यांचे १९०. झाले दोन हजार. (“गुलाबी नको, पीच करा” असे रात्री अकरानंतर येणारे मेसेज यात नाहीत. ते कसे मोजायचे हे मला कळलेलं नाही.)

तोच केक अर्धा किलो घेतलात तर सामानात दोनशे वाचतात, वेळ जेमतेम अर्धा तास. म्हणजे सतराशेच्या वरच. हे सांगितलं की माणसं मी लुबाडते आहे असं बघतात. वजनावर घ्यायचा असेल तर साधा क्रीमचा केक घ्या ना. त्यात सजावट अर्ध्या तासाची, तिथे किलोचा भाव चालतो. तो मी आजही किलोनेच देते.

पूर्वीची मी मध्येच टोकते, “तेव्हा महिन्याला बारा ऑर्डरी होत्या, आता पाच.” खरं आहे. “आणि हात जलद झाला की पैसे कमी, हा कुठला न्याय?” यावर मला उत्तर सुचत नाही.

त्या ताईंना मी सहाशेत करून दिला होता. नाही म्हणता आलं नाही. आणि गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नातीसाठी विचारलं, तेव्हा वहीत दोन हजार आले होते, तोंडातून सोळाशे गेले. त्यावर काकू म्हणाल्या, “घरचाच ना गं?”