नुसत्या ‘हाय’ला मी गप्प का बसते

“ताई, नुसतं ‘हाय’ केलं की तुम्ही उत्तरच देत नाही. दोन अक्षरं टाइप करायला असा किती वेळ लागतो?”

टाइप करायला लागत नाही, पण त्यानंतर मी अडकते. ‘बोल’ म्हटलं की खाली ‘typing…’ सुरू होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. हातातली क्वेरी सोडून मी ती टिंबं बघत बसते, आणि शेवटी येतं ‘हाऊ आर यू’. अरे, मी बरी आहे! काम काय आहे ते सांग.

माणूसघाणी म्हणा हवं तर. पण मी प्रॉडक्शनवरचे डेटाबेस सांभाळते, आणि ही खोड मला एका दुपारी लागली.

क्लायंट जर्मनीतला, गोदामांचं काम. तीन दहाला आमच्या सपोर्टमधल्या एका पोराचं ‘Hi mam’ आलं. मी दुसऱ्या सिस्टिमच्या कॉलवर होते. त्यात तातडीचं काही दिसेना, म्हणून सव्वातीननंतर कधीतरी ‘बोल’ लिहिलं. तोवर तो चहाला गेलेला, नावापुढे पिवळा ठिपका. परत आल्यावर ‘Are you there?’ मी ‘हो’. मग ‘One doubt mam’. आणि चार वाजून गेल्यावर एक स्क्रीनशॉट: FRA 97 टक्के भरलेला. स्क्रीनशॉटवरची वेळ होती तीन आठ.

आमचा डेटाबेस ओरॅकलचा. तो प्रत्येक बदल आधी रीडो लॉगमध्ये लिहितो. तो लॉग भरला की त्याची प्रत आर्काइव्ह म्हणून ठेवली जाते, आणि आमच्याकडे ही जागा म्हणजे FRA. तिथे जागा संपली की प्रत निघत नाही, आणि प्रत निघेपर्यंत जुना लॉग पुन्हा वापरता येत नाही. डेटाबेस मरत नाही, नुसता गोठतो. नव्याने लॉगिन करणाऱ्याला ORA-00257 दिसतो. स्क्रीनशॉट माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा आम्ही तिथेच होतो आणि गोदामात लेबलं छापायची थांबली होती.

एरवी बॅकअप झालेले आर्काइव्ह RMAN या ओरॅकलच्या बॅकअप टूलमधून उडवले की काम भागतं. त्या दिवशी सकाळचा बॅकअपच फेल झाला होता, जागा भरली तीही त्यामुळेच. बॅकअप नसलेले लॉग उडवायचे म्हणजे पुढे काही बिघडलं तर डेटा परत आणायची वाट आपणच बंद करायची. म्हणजे जागा वाढवणं आलं, आणि त्याची मंजुरी देणारा माणूस जर्मनीत. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे आपले चार वाजले की त्यांचे साडेबारा. गृहस्थ जेवायला गेलेले.

त्याने तीन दहाला एवढंच लिहायचं होतं: ‘प्रॉडवर FRA 97 टक्के, सकाळचा बॅकअप फेल, साडेतीनला मोठा लोड सुरू होतोय.’ कॉल सोडून मी उठले असते. मंजुरीवाला जागेवर होता.

आता खरं तेही सांगते. अलर्टचा मेलही आला होता, 85 टक्क्यांना एक आणि 97 ला एक. ज्या सामायिक मेलबॉक्समध्ये दिवसभर असले मेल कोसळत असतात, तिथे ते पडून होते. त्यामुळे सगळं खापर ‘हाय’वर फोडता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी राग त्याचाच आला.

दुसऱ्याच दिवशी मी स्टेटसमध्ये nohello.net ची लिंक टाकली, म्हणजे ‘नुसतं हाय करून थांबू नका, कामाचं थेट लिहा’ असं सांगणारं पान. त्यावर त्या पोराने सांगितलं, की आधीच्या टीममध्ये त्याने एका सिनियरला थेट प्रश्न लिहिला होता आणि ‘आधी मी मोकळा आहे का ते विचार’ असं ऐकून घेतलं होतं. मग त्याने काय करायचं? तेव्हा मी म्हणाले, तो सिनियर चुकला. आज एवढ्या ठामपणे म्हणणार नाही. माझ्याच एका मैत्रिणीने पगाराबद्दलचा मेसेज सरळ पाठवला आणि समोरचीची स्क्रीन तेव्हा सगळ्या टीमला दिसत होती. प्रीव्ह्यू कोपऱ्यात झळकला. यावर मी म्हणते, ‘खासगी आहे, मोकळी झालीस की फोन कर’ एवढं तरी लिहावं. ती म्हणते, तेवढ्यानेही लोकांना वास लागतो.

लिंक मी काढली, पुन्हा लावली, सध्या काढलेली आहे. पोरगा आता ‘Good afternoon mam’ लिहून Shift+Enter दाबतो आणि खाली त्याच मेसेजमध्ये सर्व्हर, एरर, कधीपासून, काय करून पाहिलं, सगळं देतो. नमस्कारही होतो, कामही कळतं. माझा विरोध नमस्काराला कधी नव्हताच, पण हे कोणी ऐकून घेत नाही.

आणि हो, आमचे मॅनेजर अजूनही नुसतं ‘Hi’ पाठवून गायब होतात. त्यांना मी लगेच उत्तर देते. अप्रेझल त्यांच्या हातात आहे.