आमची वाटचाल: मसाल्याचं कांडप आणि ३५ टक्के

उमरेड रोडवरच्या आमच्या शेडमध्ये आज भिवापुरी मिरची कांडली जाते आणि सावजी मसाला पॅक होतो. सुरुवात आम्ही दोघी जावांनी केली. पैसा उभा राहिला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपीमधून.

पहिला प्रश्न होता अर्ज कुणाच्या नावाने करायचा. जाऊबाई पदवीधर, पण त्यांच्या यजमानांनी वेल्डिंग वर्कशॉपसाठी हीच सबसिडी आधी घेतली होती. या योजनेत नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात आणि लाभ एकालाच मिळतो. म्हणून अर्ज माझ्या नावाने झाला आणि हिशेब जाऊबाईंनी सांभाळला. माझं शिक्षण सातवी. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर गेला तर आठवी पास लागते, म्हणून आम्ही तो ८ लाखांतच बसवला: साडेपाच लाखांची यंत्रं, एक लाखाची वीज-जोडणी व फिटिंग, दीड लाख खेळतं भांडवल. बाई असल्यामुळे मी विशेष प्रवर्गात आले, त्यासाठी जातीचा दाखला लागला नाही.

खरा फरक जागेने पडला. महिलेला शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आहे. वाडी, कामठी इथे नगरपरिषद आहे, त्यामुळे तिथे शहरी दर लागतो. आमची शेड ग्रामपंचायत हद्दीत, म्हणून दोन लाखांऐवजी २ लाख ८० हजार बसले. जागा भाड्याने घेण्याआधी घरपट्टीची पावती बघा. ती ग्रामपंचायतीची आहे की नगरपरिषदेची, यावरून लगेच कळतं.

स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार आम्ही घातले आणि बँकेने ७ लाख ६० हजार मंजूर केले. सबसिडी मात्र हातात येत नाही, हे बायांना कुणीतरी आधीच सांगायला हवं. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी होते, मगच ती कर्जात वळती होते. मध्येच धंदा बंद केला तर ती गमावू शकता. त्यामुळे दोन-अडीच लाख रोख मिळतील म्हणून कुणी उधारी करत असेल, तर त्याला थांबवा.

माझ्या नणंदेचा पापडाचा धंदा आधीपासून चालू आहे. पीएमईजीपीचं हे पहिलं कर्ज फक्त नवीन उद्योगाला मिळतं, म्हणून तिला मी मुद्रा कर्जाकडे पाठवलं. त्यात सबसिडी नाही, पण चालत्या धंद्याला ते मिळतं.

अर्ज kviconline.gov.in वर स्वतः भरता येतो, त्याला फी नाही. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. सबसिडी काढून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.