नगावरची रक्कम आणि तासाची रक्कम

‘ज्या नगावर सर्वांत जास्त सुटतं, तोच कमी करायला तुम्ही का सांगता?’

कारण मशीनचे तास संपले की विकायला तासच उरत नाहीत. कुपवाड एमआयडीसीतील एका छोट्या मशीन शॉपचे उदाहरण घेतो; आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. तेथे एकच व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंग मशीन आहे आणि सेटिंगचा वेळ वजा जाता महिन्याला 400 तास मिळतात, तर मागणी 550 तासांची आहे. विक्रीच्या किमतीतून कास्टिंग, इन्सर्ट, वाहतूक असा नगागणिक वाढणारा खर्च वजा केल्यावर पंपाच्या केसिंगवर 400, ब्रॅकेटवर 200 आणि फ्लँजवर 120 रुपये कॉन्ट्रिब्युशन उरते. ऑपरेटरचा पगार महिन्याचा ठरलेला असल्याने तो येथे वजा करायचा नाही. मालकांनी मात्र जागाभाडे, पगार आणि हप्ते प्रत्येक नगावर 130 रुपये असे वाटले होते आणि त्यामुळे फ्लँज 10 रुपये तोट्यात दिसत होती.

केसिंगला 40 मिनिटे लागतात, ब्रॅकेटला 15 आणि फ्लँजला 8. म्हणजे तासाला केसिंग 600, ब्रॅकेट 800 आणि फ्लँज 900 रुपये देते. फ्लँजच्या 1,500 नगांना 200 तास, ब्रॅकेटच्या 600 नगांना 150 तास दिले, की उरलेल्या 50 तासांत 300 पैकी 75 केसिंग होतात आणि महिन्याचे कॉन्ट्रिब्युशन 3,30,000 रुपये होते. केसिंग आणि ब्रॅकेट आधी पूर्ण करून उरलेल्या वेळात फ्लँज घेतली असती, तर तेच 2,85,000 रुपयांवर थांबले असते. जागाभाडे आणि पगार दोन्ही वेळी तेवढेच जातात.

मिनिटे मोजताना मात्र स्क्रीनवरच्या सायकल टाइमवर विसंबू नये; तो नग बसवण्या-काढण्याचा वेळ बहुधा धरत नाही. मी स्वतः मशीनशेजारी उभा राहून एक नग बाहेर आल्यापासून दुसरा बाहेर येईपर्यंतचा वेळ घेतो. फ्लँजच्या सेटिंगला दीड तास लागतो. महिन्यातून एकदाच सेटिंग असेल तर त्याने फरक पडत नाही. पण ग्राहक वीस-वीस नगांच्या लॉटने मागू लागला, तर प्रत्येक नगावर साडेचार मिनिटे चढतात, तासाचे 576 रुपये होतात आणि फ्लँज केसिंगच्याही खाली जाते. म्हणून लॉट बदलला की हिशेब पुन्हा मांडावाच लागतो.

राहिलेल्या 225 केसिंग लगेच सोडून द्याव्यात, असे मी म्हणत नाही. बाहेर जॉबवर्क करून घेण्याला नगामागे 250 रुपये जादा पडले, तरी 150 रुपये उरतात आणि आपल्या मशीनचे एक मिनिटही खर्च होत नाही. शिवाय केसिंग आणि फ्लँज एकच ग्राहक घेत असेल, तर केसिंग नाकारण्यापूर्वी फ्लँजची ऑर्डर टिकेल का, हे त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावे.