एका महिन्यात ७२८ युनिट

मे महिन्यातली गोष्ट. आई गावी असते, अमळनेर तालुक्यात. मी अमळनेरला राहतो. दुपारी तिचा फोन आला, "इतलं बिल कसं काय उनं रे भाऊ?" विजेचं बिल होतं ११,८७० रुपयांचं. घरात दोन पंखे, तीन दिवे, एक जुना फ्रिज, टीव्ही आणि कूलर. त्याआधीचे सहा-सात महिने बिल सव्वाचारशेच्या आसपास येत होतं.

मी आधी वीज कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बिल बरोबर आहे", आणि तक्रार बंद झाली. हे होणारच होतं, कारण मी फक्त "बिल जास्त आलं आहे" एवढंच लिहिलं होतं. चूक नेमकी कुठे आहे ते मलाच तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारी गावी गेलो आणि आईने डब्यात जपून ठेवलेली सगळी बिलं ओट्यावर पसरली. मीटरवर आकडा होता ६,२१८. बिलावरही चालू रीडिंग ६,२१८ आणि मागील ५,४९०, म्हणजे ७२८ युनिट. आकडा खोटा नव्हता. मग मागची बिलं पाहिली. सात महिने युनिट कधी ३८, कधी ४१, कधी ४२, एकूण २८०. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत मात्र हेच घर दरमहा ११० ते १३० युनिट वापरत होतं. घरातली एकही वस्तू कमी झालेली नसताना वापर एकदम तिसऱ्या हिश्शावर कसा येईल? सातपैकी तीन बिलांवर मीटरचा फोटो नुसता काळा होता. रीडिंग घ्यायला कोणी आलंच नव्हतं. अंदाजाने आकडे टाकले गेले आणि मेमध्ये खरा आकडा आला तेव्हा सात महिन्यांचे राहिलेले युनिट एकाच महिन्याच्या डोक्यावर पडले.

इथे एक गोष्ट मला स्वतःशी कबूल करावी लागली. वीज आम्ही वापरली होती. भांडण युनिटचं नव्हतं, स्लॅबचं होतं. घरगुती दर पहिल्या १०० युनिटला एक, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि ५०० च्या वर चौथा, असा चढत जातो. ७२८ युनिट एका महिन्यात धरले की त्यातले २२८ सर्वांत महाग दराने जातात. तेच २८० आणि ७२८ मिळून १,००८ युनिट आठ महिन्यांत वाटले तर महिन्याला १२६ येतात. १०० पहिल्या दराने, २६ दुसऱ्या दराने. वरचे दोन दर लागतच नाहीत. मी कागदावर हिशोब मांडला तेव्हा सात महिन्यांत भरलेली बिलं वजा जाता आम्ही खरं देणं लागत होतो ते साधारण ६,४६० रुपये निघालं.

सोमवारी उपविभाग कार्यालयात गेलो. बिलिंगच्या ताई म्हणाल्या, "उन्हाळा आहे दादा, कूलर चालला असेल." मी कागदावरच लिहून दाखवलं: कूलर २०० वॅटचा, रोज बारा तास चालवला तरी महिन्याला ७२ युनिट. त्यांनी कागद बघितला आणि मग नीट लक्ष दिलं. मी सीपीएल मागितलं. सीपीएल म्हणजे ग्राहकाच्या खात्याचा महिनेवार उतारा. रीडिंग, युनिट, मीटरची स्थिती, भरलेली रक्कम सगळं त्यात असतं. त्या सात महिन्यांपुढे मीटरची स्थिती "नॉर्मल" होती. ताईंनीच समजावलं की रीडिंग मिळालं नाही अशी नोंद असती तर पुढच्या खऱ्या रीडिंगला संगणकाने युनिट मागच्या महिन्यांत वाटले असते. "नॉर्मल" लिहिल्यामुळे त्याला हा एकाच महिन्याचा वापर वाटला. माझ्या सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच होता आणि तो मला त्या खिडकीवर मिळाला.

मग लेखी अर्ज दिला. एक पान. ग्राहक क्रमांक, आठ महिन्यांचा तक्ता आणि एकच मागणी: १,००८ युनिट आठ महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा, दंड आणि व्याज काढावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही प्रत नसती तर पुढचा एकही टप्पा चढता आला नसता.

त्याच दिवशी ४२५ रुपये भरले. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे की वाद चालू असताना ग्राहकाने हरकत नोंदवून मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरली तर पुरवठा तोडता येत नाही. आणि थकबाकीसाठी तोडायचाच असेल तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. अर्जात "हरकत राखून भरत आहे" असं स्पष्ट लिहिलं. पुढच्या महिन्यांची चालू बिलं मात्र वेळच्या वेळी भरत गेलो. वादातली रक्कम थांबवायची, चालू वापराची नाही.

जूनअखेर वायरमन शिडी घेऊन दारात आला. आईने पावती आणि शिक्क्याची प्रत पुढे केली आणि त्याला पाणी दिलं. तो गावातलाच, त्याच्या हातात फक्त थकबाकीदारांची यादी होती. त्याने दोन्ही कागदांचे फोटो साहेबांना पाठवले आणि परत गेला.

कनिष्ठ अभियंत्यांनी येऊन मीटर तपासलं, मीटर बरोबर निघालं. काही जण इथे खचतात. आमच्या बाजूने ते चांगलंच होतं, कारण मीटर बरोबर आहे म्हणजे आधीची रीडिंग चुकीची होती. तरी बिल दुरुस्त झालं नाही. महिनाभर थांबून विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना आधीच्या अर्जाची प्रत जोडून पत्र दिलं. ते शांतपणे बोलले, "बघतो" म्हणाले. आणखी महिना गेला.

मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज केला. वीज कायद्यानुसार नेमलेला हा मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत त्याच्याकडे जाता येतं. वकील लागला नाही. मी नवीन काहीच लिहिलं नाही. तोच तक्ता, तेच सीपीएल, दोन्ही पोचपावत्या, स्थळ पाहणी अहवाल. कोणा कर्मचाऱ्याचं नाव घेऊन दोष दिला नाही. बिलिंगच्या ताईंनी तर मदतच केली होती. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं, तेवढी तारीख डोक्यात ठेवली होती.

सुनावणीला सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. दहा मिनिटांत संपली. अध्यक्षांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला, "हे घर दोन वर्षं १२० युनिट वापरतं, मग सात महिने ४० कसं?" त्यांनी फोटो काढून पाहिले आणि बिल दुरुस्त करून देतो असं लेखी दिलं. आदेशही तसाच आला.

दुरुस्त बिल ६,४६० च्या जवळपासच आलं, दंड-व्याज शून्य. आधीचे ४२५ वजा करून राहिलेली रक्कम तीन हप्त्यांत भरली. पुढच्या रविवारी आईकडे गेलो तर ओट्यावर त्याच डीपीवरच्या दोन घरांची माणसं बिलं घेऊन बसलेली. दोघांच्याही बिलांवर सात महिने चाळीसच्या आसपास युनिट, आणि मेमध्ये एकदम डोंगर. सोमवारी त्यांचं सीपीएल काढायला जायचं आहे.