चंद्रशेखर यांचा पहिला शोधनिबंध कोणता?

आमच्याकडे मराठी चरित्रकोशातल्या वैज्ञानिकांच्या नोंदी तपासायला येतात. तारखा, पदं, पुरस्कार हे सगळं पटापट होतं. ‘त्यांचा पहिला शोधनिबंध अमुक साली प्रसिद्ध झाला’ हे एवढंसं वाक्य मात्र सगळ्यात जास्त वेळ खातं. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची नोंद आली तेव्हा तेच झालं. पुण्यातल्या विज्ञानप्रेमींना हे नाव नवं नाही, आयुका या तिथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. मसुद्यात लिहिलं होतं की 1929 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसिडिंग्ज’मध्ये कॉम्प्टन प्रकीर्णन आणि नवी सांख्यिकी या विषयावर त्यांचा पहिला निबंध आला. इंटरनेटवर शोधलं तर हेच वाक्य ठिकठिकाणी सापडतं. सहकारी म्हणाली, “सगळीकडे एकच लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार ना?” सगळ्यांनी एकमेकांचं उतरवून घेतलं असेल तर त्या दहा साक्षी मिळून एकच होतात, म्हणून आम्ही शोधनिबंधांच्या सूच्यांकडे वळलो.

तो निबंध खरा आहे, यात वाद नाही. खंड 125, पान 231, साल 1929. खगोलशास्त्राच्या एडीएस या सूचीत त्याची ओळख अशी दिसते:

```
1929RSPSA.125..231C
The Compton Scattering and the New Statistics
```

या ओळीत वर्ष, नियतकालिकाची संक्षिप्त खूण, खंड, पान आणि लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर असं सगळं एकापाठोपाठ बसवलेलं असतं. पण ही ओळ सापडणं म्हणजे ‘हा निबंध आहे’ इतकंच सिद्ध होणं. ‘याच्या आधी दुसरा नाही’ हे सिद्ध करणं वेगळं काम आहे, आणि कस तिथेच लागतो.

शोधाची पहिली पायरी सोपी आहे. पहिल्या लेखकाच्या नावाने आणि वर्षांच्या पट्ट्याने शोधायचं आणि निकाल तारखेप्रमाणे जुन्यापासून लावायचे.

```
author:"^Chandrasekhar, S" year:1925-1931
```

नावाआधीची ती टोपी म्हणजे हा माणूस पहिला लेखक असलेलेच लेख दाखव, अशी सूचना. सुरुवातीच्या वर्षांसाठी ती ठेवूनही शोधायचं आणि काढूनही, कारण एखाद्याचा पहिला निबंध प्राध्यापकांबरोबरचा असेल तर टोपीमुळे तो गळून पडतो. वर्षांचा पट्टा न देता शोधलं, तर द्रवस्फटिकांवर काम करणारे दुसरे एस. चंद्रशेखर मिसळतात. त्यांचा जन्म 1930 चा, त्यामुळे आमच्या पट्ट्यात ते येण्याचा प्रश्न नव्हता. एकाच पिढीतली दोन सारखी नावं असती तर मात्र प्रत्येक लेखावरचा संस्थेचा पत्ता पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता मुख्य अडचण. सूचीत काही सापडलं नाही याला अर्थ तेव्हाच, जेव्हा त्या काळचं ते नियतकालिक सूचीत भरलेलं आहे याची खात्री असते. रॉयल सोसायटीचे जुने खंड व्यवस्थित स्कॅन होऊन सूच्यांत नीट नोंदले गेले आहेत. भारतात छापल्या गेलेल्या त्याच काळच्या नियतकालिकांची नोंद कमी ठिकाणी आणि तुटक असते. 1928 साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा मुलगा पहिलं लिखाण कुठे पाठवील? इथे तर त्याचे काका चंद्रशेखर वेंकट रामन कलकत्त्याला इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये होते. त्या संस्थेचं ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ 1926 पासून निघत होतं, आणि पुतण्याने 1928 च्या उन्हाळ्यात काही दिवस त्याच प्रयोगशाळेत घालवले होते. तेव्हा लंडनच्या आधी कलकत्ता पाहायचं, हे उघड होतं. सूचीत ते नियतकालिक कितपत भरलंय हे असं तपासता येतं:

```
bibstem:InJPh volume:3
```

बांधीव खंडाच्या अनुक्रमणिकेत जितके लेख आहेत त्याच्या जवळपास नोंदी आल्या, तर सूचीवर भरवसा ठेवायचा. चारदोनच आल्या, तर त्या खंडापुरतं सूचीचं मौन पुरावा म्हणून धरायचं नाही, खंडच उघडायचा.

तिसऱ्या खंडात पान 241 वर चंद्रशेखर यांचा निबंध आहे, 241 ते 250. सूचीतल्या शीर्षकावर आम्ही कधी थांबत नाही. शीर्षक निबंधाच्या पहिल्या पानावरून अक्षरन्‌ अक्षर उतरवून घेतो:

```
Thermodynamics of the Compton Effect
with Reference to the Interior of the Stars
```

मराठीत सांगायचं तर ताऱ्यांच्या अंतरंगाच्या संदर्भात कॉम्प्टन परिणामाची ऊष्मागतिकी. शीर्षकाची घाई घातक ठरते, कारण दोन्ही निबंधांच्या नावात ‘कॉम्प्टन’ आहे. ‘चंद्रशेखर, कॉम्प्टनवरचा लेख’ अशी मोघम नोंद कुणी केली की पुढचा माणूस 1928 हे साल उचलून लंडनच्या निबंधाला जोडतो. एका निबंधाचं वर्ष आणि दुसऱ्याचं शीर्षक अशा संकरित नोंदी या कामात वारंवार भेटतात. त्या पकडायची युक्ती एकच: वर्ष, शीर्षक, खंड आणि पान या चारही गोष्टी एकाच छापील पानावरून घ्यायच्या, चार ठिकाणांहून गोळा करायच्या नाहीत.

या नियतकालिकात खंडाच्या क्रमांकाचाही एक सापळा आहे. त्याच्या खंडांवर दोन क्रमांक असायचे, एक जर्नलचा आणि दुसरा असोसिएशनच्या आधीपासून चालत आलेल्या ‘प्रोसिडिंग्ज’चा. जर्नलचा तिसरा खंड म्हणजेच प्रोसिडिंग्जचा बारावा. एखाद्या जुन्या संदर्भात नुसतं ‘खंड 12’ लिहिलेलं असलं आणि वाचणाऱ्याने तो जर्नलचा बारावा मानला, तर तो 1938 मध्ये जाऊन पोहोचतो आणि पान 241 वर भलताच लेख पाहून ‘संदर्भ चुकीचा’ असा शेरा मारतो. दोन क्रमांकांतला फरक नऊचा असतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता तारीख. तिसरा खंड 1928-29 असा दोन सालांत पसरलेला आहे. बांधणी करताना बहुतेक ग्रंथालयं सुट्या अंकांची वेष्टनं काढून टाकतात, आणि अंक कोणत्या महिन्यात निघाला हे नेमकं त्या वेष्टनावरच असतं. म्हणून बांधीव खंड हाती घेतला की आधी पाठची आणि मधली पानं चाळून एखादं वेष्टन शिल्लक आहे का ते पाहायचं. नसेल तर दोन बाजूंनी कुंपण घालायचं. खालचं कुंपण आम्हाला याच नियतकालिकाने दिलं. रामन यांचं ‘अ न्यू रेडिएशन’ हे प्रसिद्ध व्याख्यान दुसऱ्या खंडात पान 387 वर आहे. ते बंगलोरला 16 मार्च 1928 रोजी दिलेलं आणि 31 मार्चला छापलेलं. तिसरा खंड त्याच्या नंतरचाच, म्हणजे मार्च 1928 च्या आधीची शक्यता मिटली. वरचं कुंपण घालायला त्याच अंकातल्या शेजारच्या लेखांवरच्या ‘मिळाल्याच्या’ तारखा आणि इतर नियतकालिकांनी त्या अंकाची घेतलेली दखल कामी येते.

शोधनिबंधांचे सारांश देणाऱ्या छापील ‘सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’चा भौतिकशास्त्र विभाग इथे उपयोगी पडतो, पण जपून. वर्षअखेरच्या लेखकसूचीत नावापुढे पान नसतं, सारांशाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावर गेलं की मूळ लेखाचा खंड, पान आणि महिना मिळतो. सारांश मूळ लेखानंतर काही महिन्यांनी छापला जातो, त्यामुळे सारांशाच्या खंडाचं साल लेखाचं साल म्हणून लिहिणं ही नेहमीची चूक. वर्षअखेरीला निघालेला लेख हमखास पुढच्या सालात ढकलला जातो. भारतीय नावं या सूच्यांत कुठे लावली असतील याचाही नेम नसतो. आम्ही चंद्रशेखर या नावाच्या सगळ्या वर्णलेखनांखाली पाहिलं, सुब्रह्मण्यन खाली पाहिलं, आणि रामन यांच्या नावाचा पहिला भागही चंद्रशेखर असल्यामुळे काका-पुतण्यांची सरमिसळ झालेली नाही ना, हेही पाहिलं.

क्रमाला आशयातूनही आधार मिळतो. 1928 च्या शरद ऋतूत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले होते. चंद्रशेखर त्यांना जाऊन भेटले, तेव्हा त्यांनी सांगितलं की तू माझ्या पुस्तकातून जी जुनी क्वांटम मांडणी शिकलास ती आता मागे पडली आहे. धातूंतल्या इलेक्ट्रॉनांवरच्या आपल्या निबंधाची मुद्रितंही त्यांनी त्याला दिली. लंडनच्या निबंधाच्या शीर्षकातली ‘नवी सांख्यिकी’ म्हणजे फर्मी-डिरॅक यांची, आणि ती त्याच्या हाती आली ती या भेटीमुळे. तो निबंध केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ आर. एच. फाउलर यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे गेला. माझ्या मते घोटाळा इथेच झाला. सोमरफेल्ड यांची भेट, तिथून मिळालेली प्रेरणा आणि लगेच लंडनला छापलेला निबंध ही हकीकत इतकी गोळीबंद आहे की तिच्यामागे कलकत्त्यात छापलेली दहा पानं कुणाला हवीशी वाटली नाहीत. चरित्रकारांनी सांगितलेली गोष्ट आणि छापखान्यातून बाहेर पडण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘पहिला’ म्हणजे काय, हेही कोशाने ठरवलेलं असावं लागतं. लिहिलेला पहिला, पाठवलेला पहिला की छापलेला पहिला? आम्ही छापलेला धरतो, आणि तोही स्वतंत्र लेख. परिषदेतल्या भाषणाचा चार ओळींचा गोषवारा त्यात मोजत नाही. संपादकाच्या नावे आलेलं पत्र मात्र मोजतो, कारण ‘नेचर’मधली पत्रं त्या काळी खरेखुरे निबंधच असत. रामन यांच्या नोंदीत या भेदाची गरज पडत नाही, त्यांचा पहिला निबंध नोव्हेंबर 1906 च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये पान 494 वर सरळ सापडतो. त्यानंतरचा कोणता हे ठरवताना मात्र 1907 चं ‘नेचर’मधलं पत्र मोजायचं की नाही, यावर उत्तर बदलतं.

चंद्रशेखर यांच्या नोंदीत शेवटी पहिला निबंध म्हणून इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स, खंड 3, पानं 241 ते 250, 1928 असं गेलं, आणि लंडनचा निबंध ‘परदेशी नियतकालिकातला सुरुवातीचा’ म्हणून पुढच्या वाक्यात. संपादकांना ‘अवघ्या सतराव्या वर्षी’ असं हवं होतं, वाचकांना तेच आवडतं म्हणून. जन्मतारीख 19 ऑक्टोबर 1910. म्हणजे अंक 1928 च्या ऑक्टोबरच्या त्या तारखेआधी निघाला की नंतर, यावर सतरा पूर्ण की अठरा पूर्ण हे अवलंबून. त्या अंकाचं वेष्टन हातात नसताना वय छापायला आम्ही नकार दिला आणि नोंदीत नुसतं ‘महाविद्यालयीन विद्यार्थी असताना’ असं ठेवलं.